लॅपटॉप नाही, फोनचा बॅकअप थेट एसएसडीवर: केबल काय नेते आणि काय मागे राहतं

प्रश्न: "फोन अँड्रॉइड, 128 जीबी, त्यातले 117 भरलेत. 1 टीबीचा पोर्टेबल एसएसडी घेतलाय, लॅपटॉप नाही. चार्जरच्या केबलने जोडला तर कधी दिसतो, कधी मध्येच गायब. व्हॉट्सॅपसकट सगळ्याचा बॅकअप एका केबलवर होईल का? झाला की फोन रीसेट मारायचाय."

फायलींचा होईल, अख्ख्या फोनचा होणार नाही. मोबाइल दुरुस्ती आणि डेटा काढून देण्याच्या कामात मी हेच दर आठवड्याला कुणाला तरी सांगत असतो, कारण गोंधळ इथेच होतो. एसएसडी जोडल्यावर फोन त्याच्याकडे मोठा पेनड्राइव्ह म्हणून बघतो. फोल्डर उचलून तिकडे ठेवता येतात. अ‍ॅपच्या आत, अँड्रॉइडने कुलूप लावलेल्या जागेत जे असतं, ते तिकडे जात नाही. घर बदलताना टेम्पोत सामान जातं, विजेचं मीटर आणि नळजोडणी जात नाही, तसंच हे. तुम्हाला नंतर रीसेट करायचाय म्हणून मागे काय राहतं हे आधी कळलं पाहिजे. पण त्याआधी तो गायब होण्याचा घोळ मिटवू, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ.

एसएसडी मध्येच का जातो

पहिला संशय केबलवर. चार्जरसोबतची केबल चार्जिंगसाठी बनवलेली असते. बऱ्याच केबल्समध्ये डेटा जातो, पण यूएसबी 2.0 च्या वेगाने. अगदी स्वस्तातल्या काहींत तर डेटाच्या तारा नसतातच. एसएसडीच्या खोक्यात दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली छोटी केबल येते, ती वापरा. ती हरवली असेल तर नवी घेताना दुकानदाराला "डेटाची, सी टू सी" असं स्पष्ट सांगा.

दुसरा संशय करंटवर. इथे वीज देणारा फोन आणि खाणारा एसएसडी आहे. लिहिताना एसएसडी जास्त वीज ओढतो. फोनला ती झेपली नाही की तो पोर्टच बंद करतो. मग ड्राइव्ह जातो, परत येतो, परत जातो. मोठ्या क्षमतेच्या, वेगवान एनव्हीएमई ड्राइव्हला हा त्रास जास्त होतो. साध्या साटा जातीच्या पोर्टेबल एसएसडीला सहसा कमी.

कारण कोणतं हे त्याच्या वागण्यावरून ओळखता येतं. जोडल्या जोडल्या दिवा लुकलुकतो आणि ड्राइव्ह दिसतो-जातो-दिसतो असं चाललं असेल तर करंट. फोन हातात हलवल्यावर जात असेल तर पोर्टमध्ये खिशातला कापूस बसलाय. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई घालू नका. आणि काही न करता दहाएक मिनिटं ठेवल्यावर जात असेल तर तो फोनचा स्वभाव आहे. ओप्पो, रिअलमी, वनप्लस, विवो यांच्या बऱ्याच फोनमध्ये सेटिंग्जमध्ये OTG connection नावाचं बटण असतं आणि त्यातल्या अनेकांत काम नसेल तर ते आपोआप बंद होतं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत OTG टाइप करून बघा, बटण असेल तर चालू करा.

करंटचाच प्रश्न निघाला तर एका केबलचा हट्ट सोडावा लागेल. चार्जर जोडता येईल असा टाइप-सी हब घ्यायचा. हबची शेपटी फोनमध्ये, चार्जर हबमध्ये, एसएसडी हबमध्ये. वीज भिंतीतून येते आणि फोनही चार्ज होत राहतो. हबवर चार्जिंगसाठी वेगळं पीडी पोर्ट आहे ना, ते बघून घ्या.

ड्राइव्हचा फॉरमॅट

एसएसडी फोनवर स्थिर दिसायला लागला की त्यात काही भरण्याआधी फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फायली मांडायची पद्धत, बघायचा. नवे पोर्टेबल एसएसडी बहुधा exFAT मध्ये येतात, तो आपल्याला हवा आहे. कुणाच्या तरी विंडोज लॅपटॉपवर तो वापरला गेला असेल तर NTFS असू शकतो, आणि बरेच फोन NTFS ड्राइव्ह दिसताच "हा ड्राइव्ह चालत नाही, फॉरमॅट करा" अशी सूचना देतात. ड्राइव्ह रिकामा असेल तर फॉरमॅट करायला हरकत नाही. आत काही असेल तर तिथेच थांबा, कारण फॉरमॅट म्हणजे ते गेलं.

फोनने केलेला फॉरमॅट कधी FAT32 निघतो. त्याची खूण अशी: फोटो सगळे जातात, छोटे व्हिडिओ जातात, आणि लग्नाचा किंवा गॅदरिंगचा लांबलचक व्हिडिओ आला की कॉपी अडते. ड्राइव्हवर शेकडो जीबी मोकळे असतानाही जागा नाही किंवा कॉपी झाली नाही असा मेसेज येतो. FAT32 वर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. अशा वेळी कुणाच्या तरी संगणकावर एकदा exFAT करून आणा. लॅपटॉप नाही म्हणालात, पण हे पाच मिनिटांचं काम आहे, मित्राकडे किंवा सायबर कॅफेत होतं.

exFAT ची एक कमजोरी लक्षात ठेवा. लिहिताना केबल उपटली तर तो स्वतःला सावरून घेत नाही, फायलींची यादीच बिघडू शकते. म्हणून काम झालं की नोटिफिकेशनमधलं Eject दाबायचं, मगच केबल काढायची.

काय जातं, काय राहतं

तुमचे 117 जीबी म्हणजे 117 जीबीच्या फायली नव्हेत. त्यात अँड्रॉइड स्वतः आहे, अ‍ॅप्स आहेत, त्यांची साठवण आहे. हिशोबाला धरून चाला की उचलण्यासारखं 80-85 जीबी निघेल. ते साधारण इथे असतं:

```
DCIM
Pictures
Movies
Download
Documents
Recordings
Android/media/com.whatsapp/WhatsApp
```

शेवटची ओळ महत्त्वाची. अँड्रॉइड 11 पासून Android/data हा फोल्डर फाइल मॅनेजरला बंद केला आहे, आणि बरेच जण तो उघडत नाही म्हणून Android फोल्डरच सोडून देतात. व्हॉट्सॅप मात्र शेजारच्या Android/media मध्ये आहे आणि तो उघडतो.

दुसरी चूक होते गॅलरीतून निवडण्यात. गॅलरीत दिसतात तेवढेच फोटो उचलले तर व्हॉट्सॅपच्या WhatsApp Images मधले Sent आणि Private हे उपफोल्डर बहुधा सुटतात. ज्या ग्रुपसाठी तुम्ही "गॅलरीत दाखवू नका" केलंय, त्यांचे फोटो Private मध्ये पडलेले असतात. सोसायटीच्या ग्रुपचे गेले तर कुणाला दुःख नाही, पण घरच्यांच्या ग्रुपलाही हीच सेटिंग असते कित्येकांची. म्हणून फोल्डर अख्खा उचला, फोटो निवडत बसू नका.

गूगल फोटोजमध्ये तुम्ही कधी Free up space दाबलं होतं का, तेही आठवा. दाबलं असेल तर जुने फोटो गॅलरीत दिसतात पण फोनवर नसतात, क्लाउडवर असतात. एअरप्लेन मोड लावून तीन-चार वर्षांपूर्वीचा फोटो उघडून मोठा करा. धूसरच राहिला तर तो फोनवर नाही, आणि एसएसडीवरही येणार नाही. तो आधी डाउनलोड करावा लागेल.

आता जे केबलवरून जात नाही ते. नंबर बहुतेक गूगल खात्यात असतात, पण काही थेट फोनवर सेव्ह झालेले असतात. संपर्कांच्या अ‍ॅपमध्ये Export चा पर्याय वापरला की .vcf फाइल तयार होते, ती Download मध्ये ठेवा, म्हणजे बाकीच्यांसोबत जाईल. एसएमएस आणि कॉलची यादी फाइल स्वरूपात नसतेच. त्यासाठी SMS Backup & Restore हे अ‍ॅप चालतं, ते दोन्हींची एक्सएमएल फाइल बनवून देतं. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स, ओटीपी देणारी ऑथेंटिकेटर अ‍ॅप्स यांचा बॅकअप असा घेता येत नाही. रीसेटनंतर यूपीआयची नोंदणी नव्याने करावी लागते, त्यासाठी सिम फोनमध्ये हवं. ऑथेंटिकेटरचं मात्र आधी बघा: ज्या खात्यांना तो लावलाय त्यांचे रिकव्हरी कोड कागदावर उतरवून ठेवा. रीसेट झाल्यावर ते मिळवायला जाल तर मनःस्ताप आहे.

सॅमसंग फोन असेल तर गोष्ट थोडी सोपी आहे. त्यांच्या Smart Switch मध्ये बाहेरच्या ड्राइव्हवर थेट बॅकअप घ्यायची सोय आहे, त्यात नंबर, मेसेज, कॉल यादी, सेटिंग्ज हेही जातं आणि पासवर्डही लावता येतो. पण तो बॅकअप परत उघडायलाही सॅमसंगच लागतो. म्हणून सॅमसंगवाल्यांनाही मी फोटो आणि व्हॉट्सॅप वेगळे, साध्या फोल्डरच्या रूपात घ्यायला सांगतो.

व्हॉट्सॅप

सगळ्यात जास्त घोळ इथेच. फोटो-व्हिडिओ Media फोल्डरमध्ये असतात, गप्पा Databases मध्ये. व्हॉट्सॅप रोज पहाटे दोनच्या सुमाराला गप्पांची एक प्रत तिथे ठेवतं, नाव msgstore.db.crypt14 सारखं. जुन्या प्रतींच्या नावात तारीख असते. पहाटेची प्रत घेतली तर आजचा दिवस जातो. म्हणून कॉपीच्या आधी व्हॉट्सॅपमध्ये Settings, Chats, Chat backup मध्ये जाऊन Back up दाबा, मग एअरप्लेन मोड लावा आणि मगच फाइल मॅनेजर उघडा. नावात तारीख नसलेल्या msgstore.db फाइलची वेळ बघा, आत्ताची दिसली पाहिजे.

फाइलच्या शेवटी crypt15 असेल तर बॅकअपला स्वतंत्र कुलूप लावलेलं असू शकतं. तुम्ही व्हॉट्सॅपमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला होता का बघा. केला असेल तर तेव्हा ठेवलेला पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली लागते. ती हरवली असेल तर मीही काही करू शकत नाही, कुणीच करू शकत नाही. पण जुन्या फोनवर व्हॉट्सॅप अजून चालू आहे तोवर ते कुलूप बंद करून नवा बॅकअप घेता येतो. रीसेटनंतर नाही.

परत आणताना क्रम असा. रीसेट झाल्यावर एसएसडीवरचा WhatsApp फोल्डर आधी Android/media/com.whatsapp मध्ये ठेवा. com.whatsapp फोल्डर नसेल तर तयार करा. मग व्हॉट्सॅप इन्स्टॉल करा, तोच नंबर घाला, परवानग्या मागितल्या तर द्या, आणि Restore विचारलं की हो म्हणा. नंबर तोच हवा, दुसऱ्या नंबरवर ती फाइल उघडत नाही. Restore न विचारता थेट रिकामी चॅट दिसली तर पुढे काही टाइप करू नका. अ‍ॅप काढा, फोल्डर जागेवर आहे का बघा, पुन्हा करा. दरम्यान एसएसडीवरच्या प्रतीला हात लावायचा नाही, ती एकच आहे. मी तर गप्पांचा गूगल ड्राइव्हवरचा बॅकअपही रीसेटच्या आदल्या दिवशी घ्यायला लावतो, कारण तिथे फक्त गप्पा ठेवायच्या झाल्या तर जागा फार लागत नाही आणि दोन वाटा असल्या की झोप लागते.

प्रत्यक्ष कॉपी

बॅटरी पूर्ण भरून सुरुवात करा. एका केबलवर फोन चार्ज होत नाही, उलट ड्राइव्हला वीज देत असतो. वेळेचा अंदाज घ्यायचा तर आधी तुमच्या फोनचा पोर्ट कोणता ते बघा. मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनचा टाइप-सी पोर्ट आतून यूएसबी 2.0 च असतो, मग एसएसडी कितीही वेगवान असो. प्रत्यक्षात सेकंदाला 30-35 एमबी धरा. त्या हिशोबाने 85 जीबीला 40-47 मिनिटं येतात. पण ते फक्त मोठ्या व्हिडिओंचं गणित. व्हॉट्सॅपच्या हजारो छोट्या फोटोंना प्रत्येकी फाइल तयार करण्याचा वेळ लागतो, तेव्हा वेग मरतो. दीड-दोन तास मोकळे ठेवा.

फोनसोबत आलेला फाइल मॅनेजर किंवा गूगलचं Files, कोणतंही चालेल. पण अख्खी यादी एकदम निवडून Copy दाबू नका. मध्येच ड्राइव्ह सुटला तर कुठवर आलं होतं हे कळत नाही. एसएसडीवर तारखेच्या नावाचा फोल्डर करा, त्यात आधी DCIM, तो झाला की व्हॉट्सॅप, मग बाकीचे. प्रत्येक वेळी Copy दाबा, Move नाही. Move करताना केबल हलली तर फाइल अर्धी तिकडे राहते, आणि इकडची कधी काढून टाकली गेली ते कळत नाही.

स्क्रीन चालू ठेवा आणि दुसरं अ‍ॅप उघडू नका. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली काही फोन मागे गेलेलं अ‍ॅप मारतात आणि कॉपी गुपचूप थांबते. ड्राइव्ह गरम होईल, हाताला सोसेल इतका गरम चालतो. उशीवर, पांघरुणात ठेवू नका.

झालं का खरंच, ते तपासणं

इथे लोक घाई करतात. कॉपी संपली की Eject करा, केबल काढा, पुन्हा जोडा, मग तपासा. लगेच तपासलं तर फोन कधी कधी स्वतःच्या मेमरीतलंच वाचून दाखवतो, ड्राइव्हवरचं नाही.

आता फोनवरच्या DCIM ची माहिती उघडा, फायलींची संख्या आणि एकूण आकार बघा, आणि तेच ड्राइव्हवरच्या DCIM चं बघा. समजा फोनवर 6,214 फायली दिसल्या आणि ड्राइव्हवर 6,209, तर पाच फायली राहिल्या. पण थांबा, आधी फाइल मॅनेजरमधलं "लपलेल्या फायली दाखवा" चालू करा. व्हॉट्सॅपच्या फोल्डरांत .nomedia सारख्या टिंबाने सुरू होणाऱ्या फायली असतात आणि त्यांच्यामुळे संख्येत असा किरकोळ फरक पडतो. त्यानंतरही फरक राहिला तर तो फोल्डर पुन्हा कॉपी करा, आणि विचारलं की आधीच असलेल्या Skip करा. एक अपवाद: केबल सुटली त्या वेळी चालू असलेली फाइल नावाने असते पण अपुरी असते, तीही Skip होऊन जाईल. म्हणून ड्राइव्हवरची ती फाइल आधी काढून टाका. ती शोधायला आकारानुसार लावा, 0 बाइटच्या फायली वर येतील. मोठे व्हिडिओ एकेक उघडून शेवटच्या मिनिटाला सरकवा. अपुरी असेल तर व्हिडिओ उघडत नाही किंवा शेवटाकडे जात नाही.

कॉपीनंतर फायलींच्या तारखा आजच्या झालेल्या दिसल्या तर घाबरू नका. कॅमेऱ्याच्या फोटोत काढल्याची तारीख आत लिहिलेली असते. व्हॉट्सॅपच्या फोटोत ती नसते, पण नावातच असते: IMG-20240312-WA0007 म्हणजे 12 मार्च 2024. नावं बदलू नका, एवढंच.

आयफोनवाल्यांसाठी दोन ओळी

हेच विचारणारे येतील म्हणून लिहितो. आयफोनचा पूर्ण बॅकअप आयक्लाउडवर किंवा संगणकावरच होतो, थेट एसएसडीवर होत नाही. फोटो मात्र जातात: निवडा, शेअर दाबा, Export Unmodified Originals निवडा आणि ड्राइव्ह दाखवा. आयफोन 15 पासून टाइप-सी आहे, त्यातही साध्या 15 आणि 16 ला यूएसबी 2.0 चा वेग मिळतो, प्रोला जास्त. Optimise iPhone Storage चालू असेल तर मूळ फोटो आधी क्लाउडवरून खाली येतात, तेव्हा वाय-फाय लागेल.

तुमच्या फोनकडे परत येतो. वरचं सगळं जुळलं तरी रीसेट त्याच रात्री मारू नका. एसएसडी दुसऱ्या कुणाच्या फोनला जोडून दोन-चार फोटो आणि एक मोठा व्हिडिओ उघडून बघा. तिथे उघडला म्हणजे केबल, फॉरमॅट, ड्राइव्ह तिन्ही ठीक आहेत. गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना, तेही आधी तपासा. रीसेटनंतर फोन तो मागू शकतो आणि "पासवर्ड विसरलो" म्हटल्यावर ओटीपी त्याच फोनवर येणार असतो. रीसेटनंतरही ड्राइव्हवरचा फोल्डर महिनाभर तसाच ठेवा. राहिलेल्या गोष्टी लोकांना पहिल्या दिवशी आठवत नाहीत, लाइट बिल भरायची वेळ आली की आठवतात. जुळलं नाही तर फोनचं मॉडेल, एसएसडीचं मॉडेल आणि ड्राइव्ह जाताना स्क्रीनवर नेमका काय मेसेज येतो ते लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.